लिलाव जिंकलात आणि तोट्यात गेलात? बोली लावताना या चुका टाळा

बरणीत नाणी भरलेली आहेत. वर्गातल्या प्रत्येकाने ती लांबून पाहायची, आत किती पैसे असतील याचा अंदाज बांधायचा आणि बंद पाकिटात बोली द्यायची. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याने तेवढे पैसे भरायचे आणि बरणीची किंमत घ्यायची. अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर केलेला हा प्रयोग मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केला. काही बरण्यांत नाण्यांऐवजी ठरावीक मोलाच्या कागदी क्लिपा होत्या, पण प्रत्येक बरणीची किंमत 8 डॉलरच होती. विद्यार्थ्यांचे अंदाज सरासरीने 5.13 डॉलर निघाले, म्हणजे वर्ग एकूणात बरणीला कमीच लेखत होता. तरीही जिंकणारी बोली सरासरी 10.01 डॉलरची होती. दर बरणीमागे विजेत्याचे साधारण दोन डॉलर गेले.

अतिउत्साह किंवा हाव हे कारण इथे पुरत नाही, कारण वर्गाचा सरासरी अंदाज तर खालीच होता. लिलाव सरासरी माणसाला जिंकवत नाही, ज्याचा अंदाज सर्वांत वर चुकला त्याला जिंकवतो. यालाच विजेत्याचा शाप म्हणतात. 1971 मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अटलांटिक रिचफील्ड कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या, म्हणजे तेल शोधून काढण्याचा हक्क मिळतो अशा क्षेत्रांच्या, लिलावांविषयी एक लेख लिहिला. भरपूर तेलाच्या प्रदेशात पट्टे घेऊनही कंपन्यांना अपेक्षेएवढा नफा का मिळत नाही, याचं उत्तर त्यांनी याच गोष्टीत शोधलं.

हे सगळं सामाईक मूल्याच्या लिलावाबद्दल आहे. म्हणजे वस्तूची किंमत सगळ्यांसाठी एकच आहे, फक्त ती कोणालाच नक्की माहीत नाही. जमिनीखाली तेल जेवढं आहे तेवढंच आहे, पट्टा कोणीही घेवो. तुम्ही भिंतीवर लावायला एखादं चित्र घेत असाल आणि ते तुम्हाला किती आवडतं हे तुम्हालाच ठाऊक असेल, तर खालची वजाबाकी करू नका, उगाच चित्र हातचं जाईल. पण तेच चित्र पुढे विकण्यासाठी घेत असाल, तर पुढे वाचा.

पहिली चूक: "माझा अंदाज बरोबर आहे, मग बोली का चुकेल?"

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात, म्हणून इथे जरा थांबू.

एक लिलाव घ्या. वस्तूची खरी किंमत 100 आहे, पण ते कोणाला माहीत नाही. पाच बोलीदार आहेत. प्रत्येकाची पाहणी प्रामाणिक आहे, पण अचूक नाही: अंदाज खऱ्या किमतीच्या 12 वर किंवा 12 खाली, त्या पट्ट्यात कुठेही सारख्याच शक्यतेने पडू शकतो. म्हणजे 88 ते 112. एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीवर अवलंबून नाही. लिलावाआधी किमतीचा दुसरा कसलाही सुगावा नाही, असंही धरू.

आता 24 रुंदीच्या या पट्ट्यात पाच ठिपके टाकले, तर सरासरीने ते पट्ट्याचे सहा सारखे भाग करतात, प्रत्येक भाग 4 चा. म्हणून पाच अंदाज साधारणपणे असे पडतील: 92, 96, 100, 104, 108. त्यांची सरासरी बरोबर 100 येते. एकही बोलीदार पक्षपाती नाही, कोणाची पद्धत सदोष नाही.

पण लिलाव कोण जिंकणार? 108 वाला. त्याने नेहमीच्या व्यापारी शहाणपणाने "आपल्यालाही काही सुटायला हवं" म्हणून 5 टक्के कमी केले, तर त्याची बोली 102.6 होते. इतरांनीही तेवढेच टक्के कापले, तर हाच जिंकतो आणि 100 ची वस्तू 102.6 ला घेतो. त्याच्या वहीत 5.4 चा नफा दिसतो आहे, प्रत्यक्षात 2.6 चा तोटा आहे.

चूक नेमकी कुठे झाली? "माझा अंदाज सरासरीने बरोबर असतो" हे त्याचं वाक्य खरं आहे, पण ते सगळ्या लिलावांबद्दल खरं आहे. पैसे मात्र तो फक्त जिंकलेल्या लिलावांत भरतो, आणि जिंकलेले लिलाव म्हणजे ज्यांत त्याचा अंदाज पाचांत सर्वांत वर होता ते. त्या निवडक लिलावांत तो सरासरीने 8 ने जास्त धरतो. म्हणून बोली लिहिताना प्रश्न बदलायला हवा. "ही वस्तू माझ्या मते कितीची?" हा प्रश्न अपुरा आहे. "इतर चौघांनी हिला माझ्यापेक्षा कमी लेखलं, असं उद्या कळलं, तर मी ती कितीची धरीन?" हा खरा प्रश्न. जिंकणं ही एक बातमी आहे, आणि ती वाईट बातमी आहे. ती बोली लावण्याआधीच हिशेबात धरायची असते, कारण पाकीट उघडल्यावर तिचा काही उपयोग नसतो.

या उदाहरणात त्या प्रश्नाचं उत्तर 108 वजा 8, म्हणजे 100. हाच ना नफा ना तोटा असा आकडा.

दुसरी चूक: दुरुस्ती आणि नफा एकाच कपातीत उरकणं

"मी तर आधीच 8 ने कमी बोली लावतो, आणखी काय करू?" हे वाक्य पुष्कळ ऐकू येतं. वरच्या हिशेबात 8 कमी केल्याने हाती काय लागतं? शून्य. ती कपात म्हणजे अंदाजाची दुरुस्ती झाली. नफ्यासाठी त्यापुढे वेगळी कपात हवी.

ती किती असावी? पाचही जण विचारी असतील, तर गणित असं सांगतं की प्रत्येकाने आपल्या अंदाजातून 12 वजा करावेत: 8 दुरुस्तीचे आणि 4 नफ्याचे. मग बोल्या 80, 84, 88, 92 आणि 96 होतात. 108 वाला 96 ला वस्तू घेतो, 4 कमावतो. नफ्याचा हा 4 म्हणजे वरच्या दोन अंदाजांमधलं सरासरी अंतर. याहून जास्त कापायला गेलात तर दुसऱ्या क्रमांकाचा माणूस वस्तू वरचेवर घेऊन जाईल, कमी कापलंत तर मिळायचा नफा विक्रेत्याला दान होईल.

12 या आकड्यात आणखी एक गंमत आहे. अंदाज 108 असेल आणि चूक 12 पेक्षा मोठी नसेल, तर खरी किंमत 96 च्या खाली असूच शकत नाही. म्हणजे या मांडणीत विचारी बोली आपोआपच वाईटात वाईट शक्यतेवर जाऊन बसते आणि कधीच तोट्यात जात नाही. पण हे चुकीला ठाम सीमा आहे म्हणून. खऱ्या व्यवहारात अशी सीमा क्वचितच असते, त्यामुळे तिथे विचारी बोलीदारही अधूनमधून पोळतो, सरासरीने नाही एवढंच.

तिसरी चूक: गर्दी वाढली की बोली चढवणं

लिलावाला दोनाऐवजी अकरा जण आले. मनात पहिला विचार येतो: चढाओढ वाढली, आता जोर लावला पाहिजे. यात निम्मं सत्य आहे, म्हणूनच ही चूक पकडायला अवघड जाते.

मघाचाच पट्टा घ्या, वर-खाली 12. दोन बोलीदार असतील तर दोन ठिपके पट्ट्याचे तीन भाग करतात, प्रत्येकी 8 चा. वरचा ठिपका 104 वर येतो, म्हणजे दुरुस्ती 4 ची, आणि दोघांतलं अंतर 8. अकरा बोलीदार असतील तर बारा भाग होतात, प्रत्येकी 2 चा. वरचा ठिपका 110 वर. दुरुस्ती 10 ची, नफ्याला जागा फक्त 2.

म्हणजे गर्दी एकाच वेळी दोन उलट गोष्टी करते. नफ्यासाठी कापायची रक्कम 8 वरून 2 वर येते, ही ती "चढाओढ". पण अंदाजातून कापायची दुरुस्ती 4 वरून 10 वर जाते, कारण अकरा जणांत सर्वांत वर असणं ही दोघांत वर असण्यापेक्षा कितीतरी वाईट बातमी आहे. या उदाहरणात दोन्ही बदल एकमेकांना तंतोतंत पुसून टाकतात. बोलीदार दोन असोत, पाच असोत की अकरा, बेरीज 12 च राहते आणि बोली जराही हलत नाही. गर्दीने फक्त तुमचा नफा खाल्ला.

सूत्र हवं असेल तर ते एवढंच आहे, e म्हणजे चुकीची कमाल मर्यादा आणि n म्हणजे बोलीदारांची संख्या:

```
दुरुस्ती   = e × (n − 1) / (n + 1)
नफ्याची कपात = 2e / (n + 1)
```

बेरीज नेहमी e इतकी येणं हा या सपाट पट्ट्याचा गुण आहे, निसर्गनियम नव्हे. तेलाच्या अंदाजात चूक पटीत असते: कोणी निम्मं धरतं, कोणी दुप्पट. तिथे वजाबाकीऐवजी भागाकार करावा लागतो, आणि ठरावीक संख्येपुढे गर्दी वाढली की विचारी बोली चक्क खाली येते. वर उल्लेख केलेल्या तिघा अभियंत्यांचाही सल्ला तोच होता. ऐकायला उफराटा वाटतो, पण गर्दी बघून बोली चढवणाऱ्याने फक्त एकच बाजू मोजलेली असते.

चौथी चूक: "मी एकट्याने कमी केलं तर कधीच जिंकणार नाही"

यात दोन वेगळ्या परिस्थिती मिसळल्या जातात.

सगळे विचारी असतील तर ही भीती निराधार आहे. वरच्या उदाहरणात प्रत्येकाने 12 कापले तेव्हा क्रम बदलला का? 108 वालाच पहिला राहिला. सगळ्यांची बोली एकसारखी खाली सरकली, म्हणून जिंकण्याची शक्यता होती तेवढीच राहिली.

इतर अविचारी असतील तर मात्र तुम्ही खरंच कमी जिंकाल. आणि तसंच व्हायला हवं. समजा बाकीचे फक्त 5 कापतात आणि तुम्ही 12. मग जिंकायला तुमचा अंदाज त्यांच्या सर्वांत वरच्या अंदाजापेक्षा 7 ने जास्त हवा. एवढ्या फरकाने तुम्ही वेगळे पडलात, तर शंका इतरांवर घ्यावी की स्वतःवर? अशा लिलावात मिळालेला विजय नेहमीपेक्षा जास्त संशयास्पद असतो, म्हणून त्यांच्या वेडेपणाला उत्तर म्हणून बोली वाढवणं हा तोट्यात सहभागी होण्याचा रस्ता आहे. फुगलेल्या किमतीला वस्तू दुसऱ्याने नेली, तर सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं. अविचारी मंडळी भांडवल संपेपर्यंत टिकतात आणि ते संपायला वेळ लागू शकतो, ही यातली खरी अडचण. तोवर रिकाम्या हाताने बसून राहणं वरिष्ठांना समजावणं गणितापेक्षा अवघड असतं.

पाचवी चूक: शाप लागला आहे की नाही, हे न तपासणं

तपासायची साधी पद्धत: बोली लावण्याआधीचा *कच्चा* अंदाज तारखेसह लिहून ठेवा, दुरुस्तीनंतरचा नव्हे. वस्तूची खरी किंमत कळली की शेजारी लिहा. काही लिलावांनंतर दोन सरासऱ्या काढा: जिंकलेल्या वस्तूंसाठी एक आणि शक्य असेल तर हरलेल्यांसाठी दुसरी.

जिंकलेल्यांत अंदाज वर निघाला आणि हरलेल्यांत किंचित खाली, तर अंदाज करणारी माणसं ठीक आहेत. हा लिलावाने केलेल्या निवडीचा परिणाम आहे, दुरुस्ती बोलीत करा. दोन्हीकडे अंदाज वरच निघाला, तर दोष पाहणीत आहे, आणि बोलीतली दुरुस्ती तो झाकू शकेल, बरा करू शकणार नाही. हा फरक न केल्याने बिचाऱ्या अंदाजकर्त्यावर खापर फुटतं. तो बदलला जातो, नवा येतो, आणि जिंकलेल्या वस्तू पुन्हा अंदाजापेक्षा हलक्याच निघतात.

याच वहीतून चुकीचा पट्टा किती रुंद आहे तेही काढता येतं. पण तो फक्त जिंकलेल्या वस्तूंवरून काढू नका, कारण तिथे एकाच बाजूच्या चुका गोळा झालेल्या असतात. त्यापेक्षा दोन-तीन जणांना एकाच वस्तूचा अंदाज एकमेकांना न विचारता करायला सांगा आणि त्यांच्यातली तफावत पाहा. शिवाय हे अंदाज एकत्र केले की पट्टा अरुंद होतो. 12 चा 6 झाला, तर दुरुस्तीही निम्मी होते. सगळे एकाच अहवालावरून अंदाज बांधत असतील, तर मात्र तफावत फसवी लहान दिसेल. अहवालच चुकला तर सगळे मिळून चुकतील.

दुसऱ्या क्रमांकाची बोली जाहीर होत असेल तर तीही पाहा. 1969 मध्ये अलास्काच्या उत्तर उतारावरच्या तेलपट्ट्यांच्या लिलावात जिंकलेल्या बोल्यांची बेरीज 90 कोटी डॉलर होती आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोल्यांची 37 कोटी. 77 टक्के पट्ट्यांत विजेत्याने दुसऱ्याच्या किमान दुप्पट बोली लावली होती. एवढी दरी म्हणजे तोट्याचा पुरावा नव्हे, पण अंदाजांचा पट्टा किती रुंद आहे ते ती ओरडून सांगते. पट्टा रुंद तर दुरुस्ती मोठी.

सहावी चूक: उघड लिलावात कानांवर हात ठेवणं

बंद पाकिटात इतरांचे अंदाज दिसत नाहीत. किंमत हळूहळू चढत जाते आणि एकेक जण बाहेर पडताना दिसतो, अशा उघड लिलावात ते दिसतात. तिथे घरून ठरवून आणलेल्या आकड्याला चिकटून राहणं ही माहिती फुकट घालवणं आहे.

आपलेच पाच जण पुन्हा घ्या. किंमत 92 ला पोचते आणि पहिला माणूस थांबतो. तो आपल्या अंदाजाला थांबला असेल, तर त्याचा अंदाज 92 हे आता सगळ्यांना कळलं. 108 वाल्याकडे आता दोन टोकं आहेत. स्वतःच्या अंदाजावरून खरी किंमत 96 च्या खाली नाही, त्या माणसाच्या अंदाजावरून ती 104 च्या वर नाही. मध्य 100, हीच त्याची नवी मर्यादा. 104 वाला हाच हिशेब करून 92 आणि 104 चा मध्य काढतो आणि 98 ला थांबतो. वस्तू 98 ला जाते, विजेत्याला 2 सुटतात.

बंद पाकिटात हीच वस्तू 96 ला गेली होती. माहिती उघड झाल्याने अनिश्चितता घटली, घाबरून कापायची रक्कम घटली आणि फायदा विक्रेत्याचा झाला. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी 1982 मध्ये हे व्यापक रूपात सिद्ध केलं. सामाईक मूल्याच्या लिलावांवर काम करणारे मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना पुढे 2020 चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. बोलीदाराने यातून घ्यायचं ते एवढंच की लोक लवकर गळू लागले तर मर्यादा खाली आणायची, उशिरापर्यंत टिकले तर थोडी वर न्यायला हरकत नाही. मात्र "तो अजून बोलतोय म्हणजे मीही बोलणार" याला माहिती वाचणं म्हणत नाहीत.

सातवी चूक: सगळे आपल्यासारखेच अंधारात आहेत, असं धरणं

वरचं सगळं गणित पाचही जणांची माहिती एकाच दर्जाची असताना चालतं. एकाला खरी किंमत जवळजवळ माहीत असेल, तर 8 ची दुरुस्ती पुरत नाही.

मेक्सिकोच्या आखातात काही पट्टे असे होते, की शेजारच्या पट्ट्यात आधीच खोदकाम झालं होतं. शेजारी कंपनीला खालच्या खडकाची खबर होती, इतरांना नव्हती. केनेथ हेन्ड्रिक्स आणि रॉबर्ट पोर्टर यांनी 1959 ते 1969 मधले असे लिलाव तपासून 1988 मध्ये निष्कर्ष मांडले. शेजारी कंपन्यांनी चांगला नफा कमावला, बाहेरच्यांचा सरासरी नफा शून्याच्या आसपास राहिला. त्यातही ज्या पट्ट्यांवर शेजाऱ्याने बोलीच लावली नाही, तिथे जिंकलेल्या बाहेरच्यांना सरासरीने तोटा झाला. कारण उघड आहे: माहीतगार माणूस चांगली वस्तू सोडत नाही, म्हणून त्याने सोडलेली वस्तू तुमच्या गळ्यात पडते.

असा माहीतगार समोर असेल तर बोलीदार किती आहेत ही मोजणी दुय्यम ठरते. आधी त्याचा ठाव घ्या: या वस्तूला लागून आधीच कोणाचं काम चालू आहे का, आधीचा धारक पुन्हा बोलीत उतरला आहे का, आणि नसेल तर का नाही. शेवटच्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर पाकीट कोरं ठेवणं हीसुद्धा एक बोलीच आहे.